पोराचा गेम हॅक झाला, आता आपल्या फोनचं काय?

 

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हा तर पोरांचा विषय. फ्री फायर मॅक्स, बीजीएमआय हे गेम पोरं खेळतात, आपल्याला त्यातलं काय कळतं? पण पोरगा खेळतो तो फोन बहुतेक घरांत आईचा असतो. त्याच फोनवर आपल्या गटाच्या खात्याचे ओटीपी येतात. त्याच फोनमध्ये पासबुकाचे, आधार कार्डाचे, कर्जाच्या कागदांचे फोटो असतात. आणि पोराने गेम सुरू केला तो आईच्याच गूगल खात्यावरून. म्हणून "आई, माझी आयडी हॅक झाली" असं पोरगा म्हणाला, की "बरं झालं, आता अभ्यास कर" एवढं म्हणून सोडून देऊ नका.

एक गोष्ट आधी नीट समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. या गेमना स्वतःचं वेगळं कुलूप बहुधा नसतं. गेम उघडताना तो विचारतो, गूगलने आत येता की फेसबुकने? म्हणजे गेम ही आतली खोली झाली आणि गूगल किंवा फेसबुक हा घराचा मुख्य दरवाजा झाला. चोर आतल्या खोलीत शिरला असेल, तर तो बहुतेक वेळा मुख्य दरवाजातूनच आलेला असतो. म्हणून दुरुस्तीही दरवाजापासून करायची. पोरं नेमकं उलटं करतात. ती गेम काढून टाकतात, पुन्हा घेतात, गेम कंपनीला निरोप पाठवत बसतात, आणि दरवाजा उघडाच राहतो.

आता हॅक झालं हे ओळखायचं कसं? खुणा तीन ठिकाणी सापडतात.

पहिल्या खुणा गेममध्येच असतात. पोरगा खेळत असताना मध्येच बाहेर फेकला जातो आणि हे खाते दुसऱ्या फोनवर उघडले आहे अशा अर्थाचा निरोप येतो. त्याचं खेळातलं नाव बदललेलं असतं. जमवलेले डायमंड किंवा यूसी कमी झालेले असतात. मित्रांना त्याच्या नावाने निरोप गेलेले असतात, की ही लिंक उघड, फुकट डायमंड मिळतात. एकदा गेम बंद पडला किंवा नेटमुळे अडकला, तर ती हॅकिंगची खूण नाही. आंबेगावच्या डोंगराकडच्या वाड्यांत रेंज जाते तेव्हा असं रोज होतं. दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या, तर मात्र पुढे बघा.

दुसऱ्या खुणा आपल्या ईमेलमध्ये असतात. गूगलकडून Security alert असं लिहिलेला मेल येतो, की तुमच्या खात्यात नव्या फोनवरून कोणीतरी शिरलं आहे. पण ताईंनो, असे खोटे मेलही येतात. म्हणून मेलमधल्या बटणावर बोट ठेवायचं नाही. मेल बंद करायचा आणि आपल्या हाताने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बघायचं. कसं, ते पुढे सांगते.

तिसऱ्या खुणा खरेदीच्या पावत्यांत असतात. प्ले स्टोअरवरून गेममध्ये काहीही विकत घेतलं, की गूगल त्याची पावती ईमेलवर पाठवतं. त्या पावतीवर GPA. या अक्षरांनी सुरू होणारा ऑर्डर नंबर असतो. प्ले स्टोअर उघडून वरच्या आपल्या गोल चित्रावर बोट ठेवलं, की Payments & subscriptions असं लिहिलेलं दिसतं. तिथून पुढे Budget & history मध्ये गेलं, की आजवरची प्रत्येक खरेदी तारखेसह दिसते. मेल सापडला नाही तरी ही यादी सापडते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा घोडेगावजवळच्या एका वाडीतली ताई आहे. ती गटाची सचिव. पोरगा आठवीत. त्याने दुकानातून ५०० रुपयांचं गूगल प्लेचं रिचार्ज कूपन आणलं आणि ते आईच्या खात्यात भरलं, म्हणजे प्ले स्टोअरमध्ये ५०० रुपये शिल्लक झाले. मग एका व्हिडिओखाली त्याला लिंक दिसली, "फुकट डायमंड". उघडली तर अगदी गूगलसारखं पान आलं. त्याने आईचा ईमेल आणि पासवर्ड टाकला. डायमंड काही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेम उघडेना.

ताईने खरेदीची यादी उघडली. तिच्यात तीन नोंदी होत्या. आठ दिवसांपूर्वीची ८० रुपयांची, चार दिवसांपूर्वीची ४०० रुपयांची, आणि काल रात्री २ वाजून ४० मिनिटांची आणखी ४०० रुपयांची. कोणत्याही ताईला वाटेल, सगळे ८८० रुपये चोराने नेले. पण थोडं थांबून बघायचं. प्रत्येक नोंदीत पैसे कुठून गेले तेही लिहिलेलं असतं. पहिल्या दोन खरेद्या यूपीआयने झाल्या होत्या. तिसरी प्ले स्टोअरच्या शिल्लक रकमेतून झाली होती.

हा फरक फार कामाचा आहे. यूपीआयने पैसे जायचे तर आपला यूपीआय पिन टाकावा लागतो, आणि तो आपल्याच फोनवर. चोराकडे आपला गूगलचा पासवर्ड गेला, तरी तेवढ्याने त्याला आपल्या बँकेतून पैसे काढता येत नाहीत. फार तर त्याने दाबलेल्या खरेदीची विनंती आपल्या फोनवर येईल आणि पिन मागेल. आपण न मागितलेली अशी विनंती आली, तर ती नाकारायची. म्हणजे पिन टाकून झालेली खरेदी दिसली, तर आधी घरातच विचारायचं. आईचा पिन पोरांना पाठ असतो, हे आपण सगळ्या जाणतो. याला अपवाद आहेत. यूपीआय लाइट चालू असेल, तर लहान रक्कम पिनशिवाय जाते, पण तीही आपल्याच फोनवरून. आणि दर महिन्याचं ऑटोपे एकदा मंजूर केलेलं असेल, तर ते पुढे दरवेळी पिन न विचारता कापलं जातं.

प्ले स्टोअरमधली शिल्लक मात्र तशी सुरक्षित नाही. तिथे बँकेचा पिन लागत नाही. गूगल खात्यात शिरलेला माणूस ती दुसऱ्या गावातून, दुसऱ्या फोनवरून खर्च करू शकतो. म्हणून आपल्या उदाहरणात रात्रीचे ४०० रुपये चोराचे, आणि आधीचे ८० आणि ४०० पोराचे. विचारल्यावर पोराने ते कबूलही केलं. आईने त्या वेळी हात उचलला नाही, हे बरं झालं. नाहीतर लिंकची गोष्ट त्याने सांगितलीच नसती, आणि ती कळणं सगळ्यात गरजेचं होतं.

आता काय करायचं ते क्रमाने सांगते. हा क्रम सोडू नका.

पहिलं काम, पोराला विचारा की लिंकवरून काही ॲप फोनमध्ये घेतलं का? "डायमंड हॅक" किंवा "मॉड" अशा नावाच्या एपीके फायली पोरं प्ले स्टोअरच्या बाहेरून घेतात. तसं ॲप फोनमध्ये असेल, तर आपण टाकलेला नवा पासवर्डही त्याच्या मालकाला कळू शकतो. म्हणून ते आधी काढून टाका. मग प्ले स्टोअरमध्ये Play Protect उघडून फोन तपासून घ्या. ॲप निघतच नसेल, तर पुढची कामं घरातल्या दुसऱ्या फोनवरून करा आणि आपल्या फोनवरचं बँकेचं काम तोवर थांबवा.

दुसरं काम, मुख्य दरवाजा. फोनच्या सेटिंगमध्ये Google वर जा, मग Manage your Google Account, आणि तिथे Security असं लिहिलेला विभाग उघडा. त्यात Your devices खाली, आपलं खाते कोणकोणत्या फोनवर उघडं आहे त्याची यादी दिसते. आपला फोन आणि घरातला दुसरा फोन ओळखा. जो ओळखीचा नाही, त्यावर बोट ठेवून Sign out करा. लगेच पासवर्ड बदला. नवा पासवर्ड पोराच्या नावाचा, गावाच्या नावाचा किंवा जन्मतारखेचा नको, आणि तोच फेसबुकलाही नको. मग त्याच विभागात Recovery phone आणि Recovery email बघा. तिथे अनोळखी नंबर किंवा ईमेल दिसला, तर काढून आपला टाका. चोर बहुधा हेच बदलून ठेवतो, म्हणजे आपण पासवर्ड बदलला तरी त्याला परत येता येतं.

शेवटी 2-Step Verification चालू करा. मग पासवर्ड कळला तरी नव्या फोनवर खाते उघडताना आपल्या फोनवर विचारणा होते. तिथे Backup codes मिळतात. ते वहीत लिहून कपाटात ठेवा. फोन हरवला तर तेच कामाला येतात. त्यांचा फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवला, तर उपयोग नाही.

पासवर्ड चोराने आधीच बदलला असेल आणि आपल्यालाच आत जाता येत नसेल तर? मग g.co/recover हा पत्ता उघडायचा. हे काम घरी बसून, रोजच्याच फोनवरून करा. गूगल बघतं, की हा फोन आणि ही जागा नेहमीची आहे का. मंचरला किंवा नारायणगावला जाऊन दुकानातल्या कॉम्प्युटरवरून प्रयत्न केला, तर ओळख पटणं उलट अवघड होतं. चोराने आपला रिकव्हरी नंबर बदलला, तरी जुना नंबर ७ दिवसांपर्यंत ओळख पटवायला चालू शकतो. म्हणून लग्न आटोपल्यावर बघू, कांदा काढून झाल्यावर बघू, असं करू नका. गेम फेसबुकला जोडलेला असेल, तर facebook.com/hacked या पत्त्यावर जायचं.

तिसरं काम गेमचं. आता दरवाजा बंद झाला, तर पोराला गेम उघडायला सांगा. गेमच्या सेटिंगमध्ये जोडलेली खाती दिसतात. तिथे अनोळखी फेसबुक किंवा ईमेल जोडलेला आहे का ते बघा. असेल, किंवा गेम उघडतच नसेल, तर कंपनीला कळवायचं. ते गेमच्या आतल्या Customer Service मधून किंवा कंपनीच्या मदत पानावरूनच. नेटवर "कस्टमर केअर नंबर" शोधून फोन लावू नका. तिथे दुसरा चोर बसलेला असू शकतो. टेलिग्रामवर "५०० रुपये द्या, आयडी परत आणून देतो" म्हणणाराही त्यातलाच.

कंपनीला लिहिताना चार गोष्टी द्या. खेळाडूचा आकड्यांतला आयडी, जो जुन्या स्क्रीनशॉटवर किंवा मित्राच्या यादीत सापडतो. गेम कोणत्या खात्याने सुरू केला होता ते. शेवटचं नीट केव्हा खेळला ती तारीख. आणि आपल्या जुन्या खरेद्यांचे GPA. नंबर. शेवटची गोष्ट सगळ्यात वजनदार. नाव चोराने बदललं असेल, पण जुन्या पावत्या आपल्याच ईमेलमध्ये आहेत. म्हणजे पोराने आधी केलेली ती ८० रुपयांची खरेदी इथे आपल्या बाजूने साक्ष देते. पासवर्ड किंवा ओटीपी मात्र कोणालाही द्यायचा नाही, कंपनीचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही.

याला मर्यादाही आहेत. खाते परत मिळालं, तरी गेलेले डायमंड परत मिळतीलच असं नाही. पोरगा "गेस्ट" म्हणून खेळत असेल, म्हणजे गूगल किंवा फेसबुक काहीच जोडलेलं नसेल, तर खाते आपलं आहे हे सिद्ध करणं फार कठीण जातं. आणि पोराने आयडी कोणाला विकली असेल, किंवा कोणाकडून विकत घेतली असेल, तर कंपनीकडून मदतीची आशा धरू नका. आयडीची खरेदी-विक्री गेमच्या नियमांत बसत नाही. विकत घेतलेली आयडी आधीचा मालक त्याच्या जुन्या ईमेलवरून परत ओढून घेऊ शकतो, आणि पोरं त्यालाच हॅक झालं म्हणतात.

चौथं काम पैशांचं. इथे दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळायच्या नाहीत. जी खरेदी आपण केली नाही, घरातल्या कोणीही केली नाही, ती गूगलकडे "अनधिकृत व्यवहार" म्हणून कळवायची. त्याला व्यवहारापासून १२० दिवसांची मुदत आहे. जी खरेदी पोराने न विचारता केली, तिच्यासाठी परताव्याची साधी विनंती करायची, आणि ती ४८ तासांच्या आत केलेली बरी. ४८ तास उलटले, की गूगल बहुधा गेम कंपनीकडे जायला सांगतं, आणि मग पैसे मिळणं त्यांच्या मर्जीवर राहतं. आपल्या ताईने रात्रीचे ४०० रुपये अनधिकृत म्हणून कळवले. पोराचे ४८० रुपये तिने त्यात घातले नाहीत, आणि ते बरोबर केलं. आपल्याच फोनवर, आपल्याच पिनने झालेला व्यवहार चोरीचा म्हणून दाखवला, तर खऱ्या तक्रारीवरचाही विश्वास जातो.

परतावा मंजूर झाला, की पैसे जिथून गेले तिथेच परत येतात. प्ले स्टोअरच्या शिल्लकीतून गेलेले पैसे बँकेत येत नाहीत, ते प्ले स्टोअरमध्येच जमा होतात. आणि ज्या खरेदीचे पैसे परत मिळाले, तिच्यातून घेतलेले डायमंड गेममधून काढले जाऊ शकतात. हे पोराला आधीच सांगून ठेवा.

बँकेच्या खात्यातूनच पैसे गेले असतील आणि ते घरात कोणी काढले नसतील, तर मात्र वरची कामं नंतर. आधी १९३० या नंबरला फोन लावायचा. हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर आहे. जितक्या लवकर फोन, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. मग आपल्या बँकेला कळवायचं आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्यायचा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे, चूक आपली किंवा बँकेची नसून बाहेरच्या कोणाची असेल आणि आपण ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. आपणच पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून तिथेही उशीर नको. लेखी तक्रार cybercrime.gov.in वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. "गेमची कसली तक्रार" असं कोणी म्हणालं, तर सांगा, दुसऱ्याचा पासवर्ड वापरून त्याच्या नावाने वावरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी प्रमाणे गुन्हा आहे आणि त्याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आता पुन्हा असं होऊ नये म्हणून तीनच गोष्टी. पोरासाठी वेगळं गूगल खाते काढा आणि Family Link ने ते आपल्या खात्याला जोडा, म्हणजे त्याच्या खरेदीला आपली परवानगी मागितली जाईल. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी मागण्याची सोय आहे, ती चालू करा. आणि यूपीआय पिन आजच बदला, नवा पोराला दिसेल असा टाकू नका.

पोराला मात्र एक गोष्ट शिकवा. पासवर्ड टाकण्याआधी पानाच्या वरचा पत्ता वाचायचा. गूगलचं खरं पान accounts.google.com या नावाने सुरू होतं, आणि त्या .com नंतर तिरपी रेघ येते. तिथे आणखी एखादा शब्द किंवा टिंब चिकटलेलं असेल, तर ते पान बंद करायचं. फ्री फायरची खरी बक्षीस कूपनं reward.ff.garena.com या पत्त्यावर वापरतात. नाव थोडंही वेगळं दिसलं, की ते खोटं. हे वाचणं त्याला आपल्यापेक्षा लवकर जमेल.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीने आपापला फोन उघडून Your devices ची यादी बघायची. ज्या ताईला अनोळखी फोन दिसेल, तिने तिथेच, सगळ्यांच्या मदतीने, Sign out करून पासवर्ड बदलायचा. आणि १९३० हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, अध्यक्ष आणि सचिवांच्या नंबरांच्या खाली.